हेल आपला, बोलणे स्पष्ट

प्रस्तावना

आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एक परीक्षक, टेबलावर ध्वनिमुद्रक, आणि बोलण्याचे तीन टप्पे: आधी ओळखीपाळखीचे प्रश्न, मग एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलणे, शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. परीक्षक चार गोष्टींना स्वतंत्र गुण देतो: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही गोष्टींचे वजन सारखे, आणि त्यांच्या सरासरीवरून बँड ठरतो. गुणांचे निकष सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले आहेत. उच्चाराच्या रकान्यात ब्रिटिश किंवा अमेरिकन वळणाचा उल्लेखही नाही. मातृभाषेच्या हेलामुळे बोलणे समजायला किती अडथळा येतो, एवढेच तिथे विचारलेले आहे. आठव्या बँडला हा अडथळा नाममात्र असावा लागतो, नवव्याला तो नसावा लागतो. हेल नसावा अशी अट सर्वात वरच्या पायरीवरही नाही.

तरीही बेंगळुरूच्या इंदिरानगरात, हंड्रेड फीट रोड आणि सीएमएच रोडच्या आसपास, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलले की पहिला प्रश्न अ‍ॅक्सेंटचाच येतो. 'माझा अ‍ॅक्सेंट गावठी आहे, सहा महिन्यांत सुधारेल का?' असे विचारणाऱ्यांत बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूरहून नोकरीसाठी आलेली मराठी मुले पुष्कळ असतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. परीक्षक काय ऐकतो, तेच का ऐकतो आणि मराठी तोंडाला त्यासाठी नेमके काय बदलावे लागते, हे त्यात उलगडले आहे. त्याआधी या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण आजची भीती जुन्या काळातल्या एका कल्पनेतून आलेली आहे.

डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला. दक्षिण इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतली, निवासी शाळांत शिकलेली माणसे जसे बोलतात, तो उच्चार त्यांनी आधाराला घेतला. आपण केवळ एक नमुना नोंदवत आहोत, सर्वांनी असेच बोलावे असा आपला हट्ट नाही, अशी त्यांची भूमिका होती. पण वसाहतींतल्या शाळांत तो नमुनाच नियम झाला. इंग्लंडमध्येही ज्या उच्चारात अगदी थोडी माणसे बोलत होती, तो पुण्यात आणि बेंगळुरूत शुद्धतेचे माप ठरला. ही पहिली विचारधारा, अनुकरणाची.

दुसरी विचारधारा ब्रिटनमधूनच आली. डेव्हिड अबरक्रॉम्बी यांनी १९४९ साली असे मांडले की बहुतेक शिकणाऱ्यांना ऐकणाऱ्याला फारसे कष्ट न पडता समजेल एवढाच उच्चार पुरे असतो. ज्यांना हेर किंवा भाषाशिक्षक व्हायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. आजच्या परीक्षांच्या निकषांचे मूळ या विचारात आहे.

भारतात या प्रश्नाला शास्त्रीय वळण लागले त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे, आणि मराठी वाचकांना तो फारसा माहीत नाही. भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर यांनी १९५७ साली 'वर्ड' या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर लेख लिहिला. मराठी भाषकांचे इंग्रजी उच्चार म्हणजे सुट्या चुकांची रास नसून मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतून नियमाने घडलेली गोष्ट आहे, ही त्यामागची दृष्टी. एकदा ती पटली की शिकवण्याची रीतच बदलते. जे नियमाने घडते त्याची यादी करता येते, आणि यादीतले कोणते कलम ऐकणाऱ्याला अडवते आणि कोणते अडवत नाही, हे तपासता येते.

तपासण्याचे ते काम पुढच्या दशकात झाले. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली आणि १९६३ साली बेंगळुरूला दक्षिण भारतासाठी प्रादेशिक संस्था. हैदराबादच्या संस्थेतले आर. के. बन्सल यांनी सुशिक्षित भारतीयांचे इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना ऐकवून त्यांना किती समजते ते मोजले. सलग बोलणे सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास समजत होते. मात्र वक्त्यावक्त्यांत फरक मोठा होता: कुणाचे जवळजवळ सगळे कळत होते, कुणाचे निम्म्याहून थोडेच जास्त. हेल सर्वांनाच होता. म्हणजे गोंधळ हेलामुळे होत नव्हता, त्यातल्या काही विशिष्ट गोष्टींमुळे होत होता. शब्दातला आघात चुकीच्या अवयवावर पडणे ही त्यातली एक ठळक गोष्ट.

हेच पुढे कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली अधिक नेमकेपणे दाखवले. चिनी मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी त्यांनी इंग्रजी भाषकांना ऐकवले आणि तीन वेगळी मापे घेतली: ऐकलेले वाक्य श्रोत्याला जसेच्या तसे लिहिता येते का, ते समजायला त्याला किती कष्ट पडले, आणि त्याला हेल किती जाणवला. ज्या वाक्यांचा हेल श्रोत्यांना ठळक वाटला, त्यांतलीही पुष्कळ त्यांनी एकही शब्द न चुकता लिहिली होती. हेल जाणवणे आणि न समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून सिद्ध झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना याकडे दुर्लक्ष करता आले नाही. युरोपीय परिषदेच्या भाषाप्रावीण्याच्या चौकटीतली उच्चाराची मापनपट्टी २०१८ साली नव्याने लिहिली गेली, ती याच विचाराने. परिचारिका आणि डॉक्टरांसाठी असलेल्या ओईटी परीक्षेत तर 'बोलणे समजते का' हाच एक स्वतंत्र निकष आहे.

दरम्यान बेंगळुरूत उलट दिशेचे वारे वाहत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉल सेंटरे आली आणि त्यांच्याबरोबर उच्चार 'न्यूट्रल' करण्याचे प्रशिक्षण आले. 'एमटीआय', म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, हा शब्द मुलाखतीत नापास होण्याचे कारण म्हणून रूढ झाला. तिथली गरज वेगळी होती. फोनवरच्या अमेरिकन ग्राहकाला आपला माणूस दूरच्या देशातला आहे हे जाणवू नये, असे कंपन्यांना वाटे. म्हणजे तिथे हेल लपवणे हेच काम होते. परीक्षेत ते काम नाही. इंदिरानगरातल्या परीक्षार्थींच्या मनातली अ‍ॅक्सेंटची भीती बरीचशी या उद्योगातून उसनी आलेली आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. बेळगावचा एक तरुण, सॉफ्टवेअरच्या नोकरीत, इंदिरानगरात पीजीत राहणारा. त्याला तोंडी परीक्षेत सात बँड हवा होता. एका क्लासात तो अमेरिकन वळण शिकून आला होता: दोन स्वरांमधला 'ट' मऊ करायचा, म्हणजे 'वॉटर'चे 'वॉडर', 'सिटी'चे 'सिडी', आणि 'र' जीभ मागे वळवून घोळवायचा. छंद या विषयावर तो दोन मिनिटे बोलला, आणि ते त्याने फोनवर मुद्रित केले. छंद होता लेखनाचा, पण ऐकू येत होते 'रायडिंग'. ज्यांना विषय ठाऊक नव्हता त्यांनी दुचाकी किंवा घोडा असे काहीतरी गृहीत धरले आणि पुढच्या चार वाक्यांत ते गोंधळत राहिले. 'मेटल' आणि 'मेडल' हेही त्याच्या तोंडी एक झाले होते.

अमेरिकन माणसाचे 'रायटिंग' आणि 'रायडिंग' सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, कारण दोन्हींतल्या पहिल्या स्वराच्या लांबीत तो थोडा फरक करतो. या तरुणाने 'ट'चा मऊपणा घेतला, स्वराचा फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. बेळगावात तो जो कडक, मूर्धन्य 'ट' घेऊन वाढला, तो हे दोन शब्द बिनचूक वेगळे ठेवत होता. उसन्या वळणाने त्याच्याकडे असलेला भेद पुसला गेला.

आणखी एक नुकसान झाले ते ओघाचे. प्रत्येक 'र' सांभाळताना त्याचे लक्ष जिभेकडे जाई, वाक्याच्या मध्येच तो थांबे, वाक्य अर्धवट सोडून नवे सुरू करी. चार निकषांच्या सरासरीने हिशेब मांडू. मूळच्या बोलण्यात ओघ ७, शब्दसंपत्ती ७, व्याकरण ६ आणि उच्चार ६ असतील, तर सरासरी साडेसहा येते. उसन्या वळणात ओघ ६ आणि उच्चार ५ वर उतरला, तर बाकी काहीही न बदलता सरासरी ६ होते. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत. पण घसरण याच दोन रकान्यांत होते, हे शिकवणाऱ्या कुणालाही सहज दिसते.

मग त्याला काय बदलावे लागले? आधी काय बदलावे लागले नाही ते सांगतो. मूर्धन्य 'ट' आणि 'ड', दंत्य 'थ' आणि 'द', बेळगावी मराठीचा चढउतार, स्वच्छ उच्चारलेला 'र': यांतल्या कशानेही ऐकणारा अडत नव्हता. 'व' आणि 'व्ह'मधला फरक इंग्रजीत थोड्याच जोड्यांत अर्थ बदलतो आणि तिथे बहुतेक वेळा संदर्भ सावरून घेतो, म्हणून तो शेवटी ठेवला. अडत होते ते तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण 'ए' या स्वराचे. मराठीत 'ए' एकच. इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे स्वर आहेत आणि आपण दोन्ही एकाच मापाने बोलतो. लिहायचे ते पेन आणि दुखण्याचे पेन, परीक्षेची टेस्ट आणि जिभेची टेस्ट, बातम्यांचा पेपर आणि मिऱ्याची पेपर, 'उशिरा'चा लेट आणि 'जाऊ दे'चा लेट: मराठी कानाला या जोड्या एकच वाटतात, म्हणूनच त्या धोक्याच्या. रुग्णाच्या हातात वेदना आहे की लेखणी, हे परिचारिकेच्या तोंडून कळले नाही तर संदर्भ दर वेळी मदतीला येईलच असे नाही. उपाय साधा आहे. दुखण्याच्या शब्दात 'ए'पासून 'इ'कडे घसरायचे, 'पेइन' असे. लेखणीच्या शब्दात स्वर आखूड ठेवून लगेच 'न'वर जायचे. याच जातीचा प्रश्न 'शिप' आणि 'शीप'चा. मराठीत इकाराची लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून क्वचितच. त्यामुळे ती मुद्दाम सांभाळायची सवय आपल्याला नसते.

दुसरे ठिकाण शब्दातल्या आघाताचे. मराठीत आघात हलवल्याने शब्द बदलत नाही, इंग्रजीत ऐकणारा आघातावरूनच शब्द शोधतो. 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर 'डे'वर नाही, दुसऱ्या अवयवावर आहे. 'होटेल'मध्ये 'टेल'वर, 'कमिटी'मध्ये 'मि'वर, 'इंजिनिअर'मध्ये अगदी शेवटी. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो आणि 'फोटोग्राफर' होताच दुसऱ्यावर सरकतो. हे शब्द परीक्षार्थीच्या रोजच्या वापरातले, कामाचे आणि शिक्षणाचे असतात. प्रत्येकाने स्वतःच्या धंद्यातल्या अशा शब्दांची यादी करावी, तीन किंवा त्याहून जास्त अवयवांचे शब्द आधी घ्यावेत, आणि जोराच्या अवयवाखाली रेघ मारावी.

तिसरे ठिकाण वाक्यातल्या भराचे, आणि मराठी माणसाने त्याकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. मराठीत भर देण्याचे काम 'च', 'ही', 'तर' ही छोटी अव्यये आणि शब्दांचा क्रम करतात. 'मीच सांगितलं', 'मी त्यालाच सांगितलं', 'मी सांगितलं तर होतं': आवाज सपाट ठेवला तरी अर्थ वेगळा राहतो. इंग्रजीत ही अव्यये नाहीत, तिथे ते काम बहुतांशी आवाजाला करावे लागते. आपण इंग्रजी बोलतो तेव्हा अव्यये मराठीत राहतात आणि आवाज मात्र मराठीसारखाच सपाट राहतो. मग वाक्यातला महत्त्वाचा शब्द कोणता, हे ऐकणाऱ्याला शोधावे लागते. त्या तरुणाने मराठीत जिथे 'च' लावला असता, त्या शब्दावर इंग्रजीत आवाज उंच आणि लांब करण्याची सवय लावून घेतली. त्याच्या जोडीला अर्थाच्या गटाशेवटी क्षणभर थांबणे आले. बोलण्याचा वेग थोडा उतरला आणि समजणे सोपे झाले.

सुधारणा झाली की नाही हे कसे कळावे? स्वतःच्या कानावर किंवा मराठी मित्राच्या कानावर विसंबू नये, कारण आपला हेल आपल्या माणसाला अडवत नाही. आपण काय बोलणार हे ज्याला माहीत नाही आणि ज्याची मातृभाषा वेगळी आहे अशा माणसाला मुद्रण एकदाच ऐकवावे आणि ऐकू आले ते लिहायला सांगावे. दुसऱ्यांदा तो आठवणीने समजून घेतो, म्हणून एकदाच. जिथे त्याने गाळले किंवा वेगळे लिहिले, तिथे आपला दोष असण्याचा संभव. एकच गोष्ट दोघातिघांनी चुकवली तर तो आपलाच. इंदिरानगरातल्या पीजीत मल्याळी, मणिपुरी, ओडिया, तमिळ मुले एकत्र राहतात. या चाचणीसाठी असे कान दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

या क्षेत्रातले वादही वाचकाला ठाऊक हवेत. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली असे मांडले की आज इंग्रजीतले बरेच संवाद इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांमध्येच होतात, म्हणून त्यांना एकमेकांचे समजण्यापुरता उच्चारांचा गाभा शिकवावा. त्यांच्या गाभ्यात स्वरांची लांबी, वाक्यातला भर आणि शब्दारंभी 'प', 'ट', 'क'बरोबर येणारा हलका श्वास आहे. तो श्वास नसला की आपला 'कोट' परक्या कानाला 'गोट' वाटू शकतो. 'थ'चा इंग्रजी उच्चार आणि शब्दातला आघात मात्र त्यांनी गाभ्याबाहेर ठेवले. 'थ'बद्दल हे पुस्तक त्यांच्याशी सहमत आहे, आघाताबद्दल नाही. आपल्या परीक्षार्थीला पुढे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन माणसांत शिकायचे किंवा काम करायचे असते, आणि त्या कानांसाठी बन्सल यांचा निष्कर्ष अजून लागू पडतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. समजणे हे बोलणाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन आवाजातले व्याख्यान ऐकवले. काहींना वक्ता म्हणून गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या छायाचित्राबरोबर ऐकणाऱ्यांना परका हेल जाणवला आणि त्यांना कमी समजले. परीक्षकाने हेलाला गुण दिले, तर असा पूर्वग्रह थेट गुणपत्रिकेत उतरेल. समजण्याला गुण दिल्याने तो पूर्ण नाहीसा होत नाही, पण परीक्षकाला प्रत्येक वेळी 'मला नेमके कुठे कळले नाही' हे स्वतःला विचारावे लागते. परीक्षा हेलाऐवजी स्पष्टता पाहतात, त्यामागचे हे एक कारण. दुसरे कारण असे की परीक्षेला शिकण्याची आणि काम करण्याची कुवत मोजायची असते, जन्मगाव नव्हे. ग्लासगोचा आणि टेक्सासचा माणूस निरनिराळा बोलतो आणि दोघेही इंग्रजीचे धनी मानले जातात. मग त्यांपैकी एकाची नक्कल हा निकष कसा होणार?

या निकषाची मर्यादाही सांगायला हवी. भारतात बसणाऱ्या परीक्षकाचा कान आपल्या इंग्रजीला सरावलेला असतो. त्याला जे सहज कळले, ते मँचेस्टरच्या रुग्णालयातल्या वृद्ध रुग्णाला किंवा पर्थच्या वर्कशॉपमधल्या मुकादमाला पहिल्याच दिवशी कळेल असे नाही. म्हणून बँड मिळाला की काम संपले असे कुणी मानू नये. वर सांगितलेली तीन ठिकाणे पक्की झालेली असली तर नव्या कानाला सरावायला फार वेळ लागत नाही.

या पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. मराठी ध्वनींपासून सुरुवात करून, इंग्रजीचे उच्चार देवनागरीत जितके दाखवता येतील तितके दाखवून, जिथे देवनागरी अपुरी पडते तिथे जीभ, ओठ आणि श्वास यांचे वर्णन करून ते पुढे जाते. 'ऍ' आणि 'ऑ' यांसाठी मराठीने आधीच चिन्हे घडवलेली आहेत, त्यांचा उपयोग केला आहे. पुस्तकातल्या सरावाचे कोणतेही वाक्य पाठ करण्यासाठी नाही, कारण पाठ केलेले उत्तर परीक्षकाला ऐकताक्षणी कळते. बेळगावी, कोल्हापुरी, वऱ्हाडी, कोकणी हेल घालवण्याचा एकही पाठ पुस्तकात नाही. तो असण्याचे कारणही नाही.

वाचकाने पुस्तक हाती घेण्याआधी एक गोष्ट करावी. कोणत्याही परिचित विषयावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलावे, ते मुद्रित करावे, आणि मराठी न जाणणाऱ्या एखाद्याकडून लिहवून घ्यावे. त्याच्या कागदावरच्या गाळलेल्या जागा जिथे असतील, त्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी. बाकीची प्रकरणे नंतर वाचली किंवा वाचली नाहीत तरी चालतील.